वेव्हफॉर्म जुळला म्हणजे ओठ जुळले असं नाही

प्रश्न: कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म बघून आपोआप जुळवतंय, तर शूटिंगच्या वेळी टाळी वाजवायची काय गरज?

गरज आहे. हाच प्रश्न परभणीत मी ज्या स्टुडिओत कामाला होतो तिथले मालक मला दर सप्त्याला विचारायचे, आणि उत्तर ऐकून न घेताच पुढच्या कामाला लागायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंगाखेडकडच्या एका गावात काल्याचं कीर्तन होतं. चैत्राचं ऊन, मंडप लांबलचक, कॅमेरा पार मागं, व्यासपीठापासून शंभरेक फुटांवर. रेकॉर्डर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडलेला. मी टाळकऱ्यांतल्या एका पोराला सांगून ठेवलं होतं, की सुरू व्हायच्या आधी माइकजवळ येऊन टाळाचा एकच ठोका दे, आणि पसायदान झाल्यावर पुन्हा एक. मालक म्हणाले, "हे काय पिक्चरचं शूटिंग आहे का?" पण पोरानं दोन्ही ठोके दिले.

एडिटिंगला मालकांनी स्वतः बसून आपोआप सिंक केलं. दोन्ही वेव्हफॉर्म सुरुवातीला इतके चपखल बसले होते की बोट ठेवायला जागा नव्हती. मी पहिल्या ठोक्यावर झूम केलं. एका फ्रेममध्ये टाळाच्या दोन वाट्यांमधून मागचा पडदा दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये त्या भिडलेल्या. पण आवाजाचा काटा त्यानंतर दोन फ्रेमनी. दोन्ही ट्रॅकवर!

कारण साधं आहे. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. शंभर फूट म्हणजे 30 मीटर, त्याला 0.086 सेकंद लागले. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 0.04 सेकंदाची, म्हणजे दोन फ्रेम झाल्या. कॅमेऱ्याच्या माइकला आवाजच उशिरा पोचला होता, आणि सॉफ्टवेअरनं रेकॉर्डरचा स्वच्छ, वेळेवरचा आवाज त्या उशिराच्या आवाजाशी नेऊन बांधला. त्याला ओठ दिसत नाहीत, टाळ दिसत नाही. ते फक्त आवाजाला आवाज लावतं. चित्राला आवाज लावायचा तर चित्रात दिसणारा ठोकाच पाहिजे.

मालक म्हणाले, "दोन फ्रेम कोणाला कळतात?" खरंय, उशिराचा आवाज एवढा असेल तर बहुतेकांना कळत नाही. पण मग मी त्यांना शेवटचा ठोका दाखवला. तिथं आवाज सहा फ्रेम मागं होता. काला वाटपाच्या आधी महाराज जवळच्या शॉटमध्ये बोलतायत आणि शब्द ओठांच्या मागून येतायत, हे गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतं.

या वाढलेल्या चार फ्रेम घड्याळाच्या. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या क्रिस्टलवर चालतात आणि दोघांचा सेकंद अगदी तंतोतंत सारखा नसतो. दोन तासांत 0.16 सेकंदाचा फरक म्हणजे दहा लाखांत बावीस भाग. एवढ्यावरून रेकॉर्डर खराब ठरत नाही, पण मालकांनी तो साउंडवाल्याच्या माथी मारायची तयारी केली होती. सॉफ्टवेअर अख्ख्या क्लिपला एकच सरक देतं, त्यामुळं एका टोकाला जुळलं तरी दुसऱ्या टोकाला सुटतं. शेवटचा ठोका नसता तर किती सुटलंय हे अंदाजानंच ठरवावं लागलं असतं.

दुरुस्ती अशी केली. रेकॉर्डरचा ट्रॅक दोन फ्रेम डावीकडं ओढला, पहिला ठोका वाट्या भिडतात त्या फ्रेमवर आणला. चार फ्रेम दोन तासांत, म्हणजे अर्ध्या तासाला एक. म्हणून साधारण दर अर्ध्या तासाला अभंगाचं चरण संपून महाराज श्वास घेतात तिथं कट मारला आणि पुढचा सगळा आवाज एक फ्रेम अलीकडं घेतला. मृदंग चालू असताना कट मारू नका, ठोका तुटलेला लगेच ऐकू येतो. प्रीमियरमध्ये फ्रेमपेक्षा बारीक सरकवायचं असेल तर `Show Audio Time Units` चालू करा.

आता तुमच्या बाजूनंही बोलतो. कॅमेरा बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर आणि मुलाखत दहा मिनिटांची असेल, तर वेव्हफॉर्म पुरतो. मंडपात मागपर्यंत बॉक्स लावलेले असतील आणि एक कॅमेऱ्याच्या शेजारीच असेल, तर तारेतून आलेला आवाज जवळजवळ लगेच पोचतो आणि त्या दोन फ्रेम पडत नाहीत. आमच्याकडं बॉक्स फक्त व्यासपीठाशेजारी होते. आणि मोबाइलवर शूट करत असाल तर फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो, तेव्हा आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये `Constant Framerate` निवडून फाइल काढा, नाहीतर वरचं गणित चालणार नाही.

भजनात तर वेव्हफॉर्मवर मुळीच विसंबू नका. "विठ्ठल विठ्ठल" एकाच ठेक्यात दहा मिनिटं चाललं की प्रत्येक आवर्तन सारखंच दिसतं, आणि सॉफ्टवेअर खुशाल आवाज एक आवर्तन अलीकडं नेऊन बसवतं. मालकांचं म्हणणं होतं की असं होतच नाही. झालं की पखवाजावर हात पडायच्या आधीच थाप ऐकू येते, आणि गिऱ्हाईक फोन करतं.