आधी कर्ता शोधा

मॅडमच्या नावाने जाणारा मेसेज ताठर न वाटता त्यांच्यासारखा वाटावा, म्हणून तुम्ही दिलेला मसुदा वाचला. ‘अहवाल पाठविण्यास विलंब झाला असून तो शुक्रवारपर्यंत सादर करण्यात येईल.’ यात पाठवणारं माणूसच दिसत नाही. नुसता ‘विलंब’ काढून ‘उशीर’ घातलात तरी ताठरपणा जाणार नाही, कारण तो ‘करण्यात येईल’मध्ये आहे. क्रियापदाला कर्ता द्या आणि वाक्य तोडा: ‘अहवालाला उशीर झालाय. शुक्रवारपर्यंत मी नक्की पाठवते.’

मग मॅडमचे जुने चार-पाच मेसेज काढून बघा. त्या ‘नक्की’ म्हणतात की ‘हो, करते’? शेवटी ‘धन्यवाद’ लिहितात की नुसतं नाव? त्यांची एखादी लकब घ्या, पण एकदाच. दोनदा आली की नक्कल वाटते. तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे राहू द्या.