तीन इंजेक्शनांनी फाल्सिपेरम जात नाही

पावसाळा सरला की फाल्सिपेरम मलेरियाची तीच ती शंका येत राहते. म्हणून यावेळी त्यावरचेच प्रश्न घेतले आहेत.

किटवर फाल्सिपेरम निघाला. सरकारी दवाखान्यातून पाकीट मिळालं. त्यातल्या दोन गोळ्या पहिल्याच दिवशी घ्यायच्या, पुढे नाहीत. चुकून कमी दिल्या का?

नाही. त्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या आहेत आणि एकदाच घ्यायच्या असतात. सल्फाच्या औषधाने पूर्वी कधी अंगावर पुरळ उठलं असेल, तर गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना सांगा.

गडचिरोलीला माल पोहोचवून आलो आणि फाल्सिपेरम निघाला. आर्टीथरची तीन इंजेक्शनं घेतली, ताप गेला. आज पंधरावा दिवस, पुन्हा हुडहुडी भरून ताप आलाय. नवा डास चावला का? (ट्रकचालक, बाळे)

बहुधा नाही. जुनाच मलेरिया पुरता गेला नव्हता. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या नेहमी येतात: इंजेक्शनाचं नाव, तीन दिवसांच्या तीन खुणा आणि खाली काहीच नाही. खरं औषध त्या रिकाम्या जागेत लिहायचं असतं.

आर्टीथर, आर्टेसुनेट ही आर्टेमिसिनिन घराण्यातली औषधं. त्यांच्याइतक्या वेगाने मलेरियाचा परजीवी मारणारं दुसरं काही नाही. पण ती शरीरात टिकत नाहीत. आर्टेसुनेटचा अंमल काही तासांत ओसरतो.

आता हिशेब बघा. आजार जोरात असेल तर अंगात एक लाख कोटीपर्यंत परजीवी असू शकतात. त्यांचं एक चक्र 48 तासांचं, आणि एका चक्रात हे औषध त्यांची संख्या साधारण दहा हजार पटींनी खाली आणतं. तीन दिवसांच्या औषधात दोन चक्रं सापडतात. पहिल्यानंतर दहा कोटी उरले, दुसऱ्यानंतर दहा हजार. एवढ्यांनी ताप येत नाही, ते काचपट्टीवर दिसतही नाहीत. रोगी म्हणतो, बरा झालो. पण दर दोन दिवसांनी ते दहापट वाढले, तर आठ दिवसांत पुन्हा दहा कोटी होतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हुडहुडी भरते. तुमचा पंधरावा दिवस या हिशेबात बसतो.

या उरलेल्या दहा हजारांसाठी जोडीदार औषध लागतं, आणि ते रक्तात रेंगाळणारंच हवं. सल्फाडॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला आठवडाभर लागतो, म्हणून ते पुढची कित्येक चक्रं मारत राहतं. लाख कोटींच्या गर्दीत त्याला दाद न देणारा एखादा परजीवी असू शकतो, दहा हजारांत असण्याची शक्यता फार कमी. उलट बाजूने, आर्टेमिसिनिनला थोडाफार तग धरणारा परजीवी वाचलाच, तर त्याला जोडीदार गाठतो. एकच परजीवी दोन्ही औषधांना पुरून उरणं फारच दुर्मीळ. तुम्ही नुसती इंजेक्शनं घेतलीत तेव्हा मागे उरलेल्यांना कुणीच अडवलं नाही. तग धरणारे असेच निवडले जातात आणि डासामार्फत पुढच्या माणसात जातात. तुमचा ताप तेवढ्यापुरता उतरवून देणाऱ्याने याचा विचार करायला हवा होता, याचं मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शन वाईट नाही. रोगी गंभीर असेल, गोळी पोटात राहत नसेल, तर ते लागतंच. पण तोंडाने घेता येऊ लागलं की तीन दिवसांचा पूर्ण संयुक्त कोर्स द्यायचाच असतो. तुम्ही आजच रक्त तपासून घ्या, उद्यावर टाकू नका. आधीची चिठ्ठी सोबत न्या. ग्लानी आली, लघवी काळपट झाली किंवा उलट्या थांबत नसतील, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मेडिकलवाला म्हणतो, नुसती आर्टेसुनेटची गोळी घ्या, तीच खरी, बाकी फुकटचा खर्च.

अशा एकट्या गोळीवर भारतात 2009 पासून बंदी आहे. सरकारी केंद्रात जोडीचं पूर्ण पाकीट मोफत मिळतं. खर्चाची भीती घालून एकटी गोळी विकणाऱ्याकडून मलेरियाचं औषध घेऊ नका.

भाऊ आसामात आहे. त्याला दुसरंच औषध दिलं. आपलं हलकं आहे का?

हलकं नाही. ईशान्येकडे परजीवी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनला जुमानेनासा झाला. जोडीदारच निकामी झाला की सगळा भार पुन्हा आर्टेमिसिनिनवर येतो. म्हणून तिकडे आर्टेमेथर-लुमेफँट्रिन देतात. तीन दिवसांत सहा वेळा, आणि दुधासोबत किंवा स्निग्ध जेवणासोबत, कारण उपाशीपोटी लुमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये.

कोर्स संपून दहा दिवस झाले, तरी किटवर रेघ येतेच.

मेलेल्या परजीवींचं प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं, त्याची ती रेघ. बरं झालं की नाही हे काचपट्टीवर कळतं. ताप परत आला, तर 28 दिवसांच्या आत कधीही स्लाइड करून घ्या.

सून पाच महिन्यांची गरोदर आहे. हेच पाकीट चालेल का?

पाचव्या महिन्यात संयुक्त उपचार देता येतो, सोबत दिली जाणारी प्रायमाक्विनची गोळी मात्र गरोदरपणात देत नाहीत. तरी घरी ठरवू नका. गरोदर बाईचा फाल्सिपेरम काही तासांत बिघडू शकतो. तिला आजच डॉक्टरांकडे न्या.