२-२-३ रोटा: ४२ तास येतात कुठून आणि ६०-२४ का दिसतात

प्रश्न: आमच्याकडे चार टीम आहेत, १२ तासांची शिफ्ट, २-२-३ रोटा. साहेब म्हणतात आठवड्याला सरासरी ४२ तास पडतात. पण माझ्या हजेरीत एका आठवड्याला ६० तास दिसतात आणि पुढच्याला २४. ऑफर लेटरमध्ये ४० तास लिहिलेत. यातलं खरं काय धरायचं?

उत्तर:

साहेबांचा आकडाही बरोबर आहे आणि तुमची हजेरीही. फरक पडतो तो मोजणीच्या खिडकीमुळे. हा रोटा सात दिवसांचा नाहीच, चौदा दिवसांचा आहे, त्यामुळे एकट्या आठवड्याकडे बघून त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही.

आधी तुमच्याच टीमचे चौदा दिवस घ्या. सोमवार-मंगळवार काम, बुधवार-गुरुवार सुट्टी, शुक्रवार-शनिवार-रविवार काम. पुढच्या आठवड्यात बरोबर उलटं: सोमवार-मंगळवार सुट्टी, बुधवार-गुरुवार काम, शुक्रवार ते रविवार सुट्टी. पहिल्या आठवड्यात ज्या वारी तुम्ही कामावर असता, त्याच वारी दुसऱ्या आठवड्यात घरी असता. म्हणून चौदा दिवसांत सातच शिफ्ट होतात, त्याचे ८४ तास, आणि आठवड्याला ४२.

हे ४२ तास २-२-३ ने आणलेले नाहीत, हे नीट समजून घ्या. आठवड्यात १६८ तास असतात. जागा चोवीस तास भरलेली हवी आणि ती चारच टीमनी भरायची, तर १६८ भागिले ४, म्हणजे ४२, यातून सुटका नाही. चार दिवस काम चार दिवस सुट्टी करा, आठ तासांच्या तीन पाळ्या करा, टीम चारच असतील आणि वरून रिलिव्हर नसेल तर सरासरी ४२च येणार. दर दोन आठवड्यांनी दिवसपाळी-रात्रपाळी बदलत असेल तर चक्र २८ दिवसांचं होतं, सरासरी तीच राहते. त्यामुळे कोणी ‘रोटा बदलून तास ४० वर आणतो’ म्हणालं, तर पाचवी टीम किंवा रिलिव्हर कुठून आणणार, एवढंच विचारा.

आता ६० आणि २४. तुमच्या टाइम ऑफिसचा आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून सोमवार-मंगळवारच्या दोन आणि शुक्रवार ते रविवारच्या तीन अशा पाचही शिफ्ट एकाच आठवड्यात जमा होतात. हाच आठवडा रविवार ते शनिवार धरून बघा. तीन दिवसांच्या कामातला रविवार पुढच्या आठवड्यात जातो. एका आठवड्यात सोमवार, मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशा चार शिफ्ट येतात, म्हणजे ४८ तास. दुसऱ्यात रविवार, बुधवार, गुरुवार अशा तीन, म्हणजे ३६. तुमच्या कामाच्या एकाही दिवसाला हात न लावता ६०-२४ चे ४८-३६ झाले. या रोट्यात आठवडा सोमवारी किंवा शुक्रवारी सुरू केला तरच ६०-२४ निघतात. बाकी कोणत्याही वारी सुरू करा, ४८-३६च येतात.

हा नुसता कागदावरचा खेळ नाही, कारण ओव्हरटाइम यावर ठरतो. समजा ४० तासांवरचे तास ओव्हरटाइम आहेत. आठवडा सोमवारचा असेल तर जड आठवड्यात २० तास ओव्हरटाइम लागतो आणि हलक्या आठवड्यात शून्य. आठवडा रविवारचा असेल तर चौदा दिवसांत फक्त ८ तास. आणि दोन आठवड्यांची सरासरी धरायची पद्धत असेल तर ४ तास. कष्ट तेवढेच, ओव्हरटाइम २०, ८ किंवा ४. म्हणून कंपनीने मध्येच ‘आठवडा आता रविवारपासून’ असं परिपत्रक काढलं, तर ती किरकोळ दुरुस्ती समजून सही करू नका. उलट बाजूही खरी आहे: जिथे कोणत्याही एका आठवड्यात ४८ तासांच्या वर जायला मनाई आहे, तिथे सोमवारचा आठवडा धरून हा रोटा चालूच शकत नाही.

रात्रपाळीत आणखी एक गोष्ट दिसेल. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी शिफ्ट असेल आणि सॉफ्टवेअर मध्यरात्री तारीख बदलत असेल, तर रविवारच्या रात्रीचे ५ तास या आठवड्यात आणि ७ तास पुढच्यात पडतात. मग ६०-२४ ऐवजी ५३-३१ दिसतं. लोक घाबरतात की सात तास कापले. दोन्हींची बेरीज ८४ येते का ते बघा. येत असेल तर काही कापलेलं नाही.

राहिला ऑफर लेटरमधला ४० चा आकडा. इथे जेवणाची सुट्टी पगारी आहे की नाही हे आधी शोधा, कारण बहुतेक वेळा गाठ तिथेच असते. शिफ्टमधला अर्धा तास बिनपगारी असेल तर सात शिफ्टचे ८०.५ तास होतात, आठवड्याला ४०.२५. म्हणजे ऑफर लेटर जवळपास बरोबर आहे. पण त्या अर्ध्या तासात तुम्हाला पॅनल सोडता येत नसेल, जेवतानाही अलार्म घ्यावा लागत असेल, तर ती सुट्टी कसली? ते काम आहे, आणि तो मुद्दा लेखी मांडायलाच हवा. सुट्टी पगारी असेल तर दर चौदा दिवसांना ४ तास जादा होतात, वर्षाच्या २६ चक्रांत १०४ तास. हे साडेआठाहून थोड्या जास्त शिफ्टएवढे आहेत. ते ओव्हरटाइम म्हणून मिळायला हवेत किंवा बदली सुट्टी म्हणून. काही ठिकाणी चक्रातली एक शिफ्ट ८ तासांची करून बरोबर ८० तास बसवतात, पण मग उरलेले चार तास कोण भरणार याची सोय रोट्यातच लिहिलेली हवी. नाहीतर ते शेजारच्या टीमवर पडतात.

चार्ज देण्या-घेण्याचा वेळही मोजा. दर शिफ्टला पंधरा मिनिटं आधी यावं लागत असेल आणि ती हजेरीत धरत नसतील, तर आठवड्याला सरासरी पाऊण तासाहून जास्त वेळ असाच जातो.

महिन्याच्या आकड्यांवरून मात्र भांडू नका. ३१ दिवसांच्या महिन्यात, तो चक्राच्या कुठल्या दिवशी सुरू झाला त्यावर, १४ पासून १७ पर्यंत शिफ्ट पडू शकतात, म्हणजे १६८ ते २०४ तास. तसंच विषम संख्येच्या आठवड्यांची सरासरीही फसवते: १७ आठवडे घेतले आणि त्यात जड आठवडे ९ आले, तर सरासरी ४३ च्या थोडी वर जाते. खिडकी नेहमी १४ दिवसांच्या पटीत घ्या, आणि त्यात रजा किंवा बदली शिफ्ट असेल तर ती वेगळी काढा.

रजेचा हिशोबही तासांत मागा. ‘वर्षाला २० दिवस रजा’ हे आठ तासांच्या दिवसाने १६० तास होतात. तुमची एक रजा १२ तास खाते, म्हणजे १३ शिफ्ट रजा आणि वर ४ तास. ऑफिस दिवसांत मोजत असेल तर एका शिफ्टला एक दिवस कापतात की दीड, हे आत्ताच लेखी घ्या.

तुमच्या आठवड्याचा पहिला वार, जेवणाची सुट्टी पगारी की बिनपगारी, आणि ओव्हरटाइम आठवड्यावर की सरासरीवर, एवढं इथे टाका. मग दोन महिन्यांची हजेरी आणि पगारपत्रक समोर ठेवून तुमचा नेमका आकडा काढून देतो.