देणगीदाराला आभाराचं पत्र लिहायचं आहे. पैसे कुठे वापरले हे सांगून शेवटी पुढच्या गरजेची एक ओळ टाकली तर चालेल का?

नाही, नका टाकू. या एका ओळीवरून आमच्या खजिनदारांशी माझं कडाक्याचं वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची संस्था गरजूंना व्हीलचेअर वापरायला देते आणि काम झालं की परत घेते. एका बाईंनी पतीच्या निधनानंतर देणगी दिली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, 'फक्त दुरुस्तीसाठी'. गोदामात तेव्हा १४ खुर्च्या नादुरुस्त पडल्या होत्या. पावती आणि दोन ओळींचे आभार त्याच आठवड्यात गेले. काम संपायला चार महिने लागले, त्यानंतर खरं पत्र मी लिहायला घेतलं.

आधीच्या पत्रांत आम्ही 'आपल्या देणगीमुळे अनेकांना आधार मिळाला' असंच लिहायचो. हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. या वेळी मी दुरुस्ती करणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसलो. पुढची लहान चाकं फिरत नव्हती, कारण त्यांच्या आसाभोवती केस आणि दोरे घट्ट गुंडाळले गेले होते. तो ते चिमट्याने एकेक ओढून काढत होता. ब्रेक लागत नाहीत अशी तक्रार असलेल्या खुर्च्यांचे बहुतेक ब्रेक धडधाकट होते. या ब्रेकचा दांडा टायरवर दाबला जातो. टायरमधली हवा कमी असली की तो नीट टेकत नाही आणि उतारावर खुर्ची घसरते. पत्रात मी हेच लिहिलं:

'१४ पैकी ११ खुर्च्या दुरुस्त झाल्या. त्यांपैकी ९ आज लोकांच्या घरी आहेत, २ गोदामात तयार आहेत. उरलेल्या ३ खुर्च्यांच्या सांगाड्याला जोडावर तडे गेले होते, त्यामुळे त्या कुणाला देणं धोक्याचं होतं. त्यांची चाकं आणि पाय टेकवायच्या पट्ट्या आम्ही बाकीच्यांना वापरल्या. म्हणून सुट्या भागांवरचा खर्च अंदाजापेक्षा कमी झाला. देणगीचा साधारण सहावा हिस्सा शिल्लक आहे आणि तो दुरुस्तीच्याच खात्यात ठेवला आहे.'

खजिनदारांना यातल्या दोन गोष्टी खटकल्या. एक, न सुधारलेल्या तीन खुर्च्या सांगायच्या कशाला? दोन, टपालखर्च होतोच आहे, तर 'अजून नव्या खुर्च्यांची निकड आहे' एवढी ओळ आणि देणगीचा कोरा अर्ज घालायला काय जातं? तीन खुर्च्या मी राहू दिल्या. अर्ज मात्र पाकिटात गेला.

बाईंचा फोन आला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाल्या, "ते केस आणि दोऱ्यांचं वाचलं. यांच्या खुर्चीतून मी दर रविवारी तेच काढायचे. मग अर्ज दिसला आणि कळलं की पत्र त्यासाठी होतं." मला उत्तर सुचलं नाही. पत्र त्यासाठी नव्हतं, पण हे त्यांना कशावरून पटावं? मागणीची ओळ शेवटी आली की वाचणारा वरचा सगळा मजकूर तिची प्रस्तावना म्हणून पुन्हा वाचतो. तीन खुर्च्यांची कबुलीसुद्धा मग 'अजून पैसे हवेत' अशी ऐकू येते. खजिनदारांना हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो.

आणि मागणी फक्त वाक्यातूनच होते असं नाही. कोरा अर्ज, क्यूआर कोड, खाते क्रमांक छापलेला लेटरहेड, 'आपलं सहकार्य असंच राहो' हे सगळं मागणंच आहे. पत्र पाकिटात घालण्याआधी शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. पत्र पूर्ण वाटलं तर तो परिच्छेद काढून टाका. माझं पत्र शिल्लक रकमेपाशी संपत होतं, तिथेच थांबायला हवं होतं.

आता राहिलेलं. पुढे कधीच मागू नये असं मी म्हणत नाही. काही महिन्यांनी वेगळं पत्र पाठवा आणि त्यात सरळ मागा. देणगीदाराने स्वतःहून 'आणखी काय लागेल?' असं विचारलं तर संकोच न करता सांगा. शिल्लक रक्कम दुसऱ्या कामाला वळवायची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, तेही वेगळ्या पत्राने. खुर्ची मिळालेल्या माणसाचं नाव किंवा फोटो त्याला विचारल्याशिवाय घालू नका. आमच्या पत्रात एकही फोटो नव्हता आणि बाईंना त्याची उणीव भासली नाही.

पत्राला मायना काय असावा, एक पान की दोन, ते तुमचं तुम्ही ठरवा. सही मात्र पेनाने करा.