प्रबंधात 'मी' की 'प्रस्तुत संशोधिका'?

"मॅडम, माझा इतिहासाचा पीएच.डी.चा प्रबंध मराठीत आहे. पहिल्या दोन प्रकरणांत 'प्रस्तुत संशोधिकेने' असं लिहिलं. मुलाखतींच्या प्रकरणात मात्र आपोआप 'मी' आलं. सर म्हणतात, 'मी'मुळे प्रबंध वैयक्तिक वाटतो. सगळीकडे 'संशोधिका' करून टाकू का?"

नाशिकला संशोधक विद्यार्थ्यांशी बोलताना हा प्रश्न वारंवार समोर येतो. या विद्यार्थिनीचा विषय होता दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांवर पेठ-सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या बायकांच्या आठवणी. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी तिला मुलाखतींचं प्रकरण उघडायला सांगितलं. एक वाक्य तिनं 'संशोधिका' घालून आधीच बदललं होतं: "संशोधिकेने तिला मजुरीबद्दल विचारले असता तिने उत्तर टाळले व नंतर तिने विषय बदलला." विषय नेमका कुणी बदलला, विचारणारीनं की सांगणारीनं? दोघी तृतीयपुरुषी, दोघी स्त्रीलिंगी. वाचणाऱ्याला ते कळायला मार्गच नाही. "मी मजुरीबद्दल विचारले, तिने उत्तर टाळले व नंतर विषय बदलला" म्हटलं की गोंधळ संपतो.

पण खरी अडचण पुढच्या पानावर होती. तिथं लिहिलं होतं, "स्त्रिया मजुरीविषयी फारशा बोलत नाहीत असे आढळून आले." मी विचारलं, "तू राहतेस कुठे?" ती म्हणाली, "दिंडोरीलाच. आमचीच बाग आहे." ही गोष्ट प्रबंधात कुठेही नव्हती! मालकाच्या घरातली मुलगी समोर बसून मजुरी विचारते आहे, म्हणून बायका गप्प झाल्या असतील, ही शक्यता त्या 'आढळून आले'नं पुसून टाकली होती आणि भेटीतलं मौन त्या बायकांचा स्वभाव बनलं होतं. तिनं ते असं बदललं: "मी बागायतदार कुटुंबातली आहे, हे त्यांना माहीत होते. मजुरीचा विषय मी काढला की त्या गप्प होत." आता पुरावा जेवढा आहे तेवढाच दिसतो. मौखिक इतिहासात मुलाखत घेणारी व्यक्ती साधनाचाच भाग असते, म्हणून तिथं 'मी' लपवणं मला चुकीचं वाटतं.

विश्लेषणाच्या प्रकरणात दुखणं उलटं होतं. "मला वाटते की छाटणीपेक्षा विरळणीच्या आठवणी अधिक तपशिलाने येतात." इथं 'मला वाटते' कशाला? मुलाखती समोर आहेत, त्यांनाच कर्ता करायचं: "मुलाखतींत विरळणीच्या आठवणी छाटणीपेक्षा अधिक तपशिलाने येतात." म्हणजे सरांचा आक्षेप या प्रकरणापुरता रास्तच होता.

मग आम्ही एका कागदावर नियम लिहिला. तिनं स्वतः केलेली कृती (निवड, प्रश्न, भाषांतर, वगळणूक) 'मी'मध्ये. साधनं जे दाखवतात ते साधनांच्या नावानं. दुसऱ्या अभ्यासकाशी मतभेद असेल तिथं पुन्हा 'मी', कारण "असे म्हणता येत नाही" लिहिलं तर कोण म्हणतंय ते कळत नाही. 'आम्ही' कुठेच नको. काम एकटीचं आहे. सुसंगती म्हणजे प्रत्येक वाक्यात तेच सर्वनाम नव्हे. एका प्रकारच्या कामाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच रूप असणं. हा नियम प्रस्तावनेत दोन वाक्यांत सांगायचं ठरलं.

दुरुस्ती मात्र हातानंच करावी लागते. फाइलमध्ये 'मी' शोधलं की 'कमी', 'नेहमी', 'मीमांसा' सगळं वर येतं, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून शोधायचं. परिच्छेदाच्या आरंभी किंवा अवतरणचिन्हाला चिकटलेले 'मी' तरीही सुटतात. 'माझा', 'माझ्या', 'मला' वेगळे शोधायचे. एकदम 'सगळे बदला' दाबलं, तर मुलाखतीतल्या बाईचं "मी सुरगाण्याहून आले" हेही बदलतं, आणि ते तिचं बोलणं आहे, त्याला हात लावायचा नाही. उलट 'संशोधिका'चं 'मी' करताना वाक्यरचना मोडते: "संशोधिका मानते" याचं "मी मानते" सहज होतं, पण "संशोधिकेने आपल्या गावात" इथं 'आपल्या'चं 'माझ्या' करावं लागतं.

ती नियमाचा कागद आणि जुनी-नवी दोन्ही वाक्यं घेऊन सरांकडे गेली. मजुरीचं वाक्य वाचून त्यांनी पद्धती आणि मुलाखती या प्रकरणांत 'मी' मान्य केलं. निष्कर्षात "या अभ्यासातून दिसते" असंच हवं म्हणाले. ते आमच्या नियमात बसत होतं. त्यांनी नकार दिला असता किंवा विभागाचा लेखी नियम आड आला असता, तर सगळीकडे 'प्रस्तुत संशोधिका' ठेवूनही "संशोधिका बागायतदार कुटुंबातील आहे" हे वाक्य पद्धतीच्या प्रकरणात घालायला मी सांगितलं असतं, आणि दोन 'तिने' एकत्र येतील तिथं 'निवेदक स्त्रीने' लिहायला. आता तिच्याकडे सारांश आणि छायाचित्रांखालच्या ओळी तपासायच्या राहिल्या आहेत. तिथं जुनं 'संशोधिका' अजून तसंच आहे.