शिकाऊ असणं हा बचाव का होत नाही

प्रश्न: "नवशिक्या चालकाला कोर्ट सूट देत नाही, पण लहान मुलाला देतं. दोघंही अननुभवीच ना? आणि मग शिकाऊ डॉक्टरचं काय?"

इंग्लंडमधला नेटलशिप विरुद्ध वेस्टन हा १९७१ चा खटला बघा. नवऱ्याची गाडी घेऊन एक बाई ओळखीच्या गृहस्थाकडून चालवायला शिकत होती. तिसरा धडा. चौकात थांबून ती डावीकडे वळली, पण वळल्यावर स्टिअरिंग सरळ करेना, घट्ट धरूनच बसली. गृहस्थांनी एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवू पाहिलं. तरी गाडी फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला धडकली आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. वेग जेमतेम चालण्याइतका होता.

तिने जिवापाड प्रयत्न केला होता, हे कुणीच नाकारलं नाही. तरीही कोर्टाने तिला सक्षम चालकाचाच निकष लावला. समोरून येणाऱ्याला तुमचा कितवा धडा आहे ते कळत नाही, आणि धड्यागणिक निकष बदलला तर एकाच धडकेची भरपाई एकाला मिळेल, दुसऱ्याला नाही. शिवाय चालकाला विमा असतो, हा विचार लॉर्ड डेनिंग यांनी उघड मांडला. गाडीचा ताबा दोघांकडे होता म्हणून गृहस्थांची भरपाई मात्र निम्मी झाली.

मुलाची गोष्ट वेगळी आहे. मॅकहेल विरुद्ध वॉटसन (ऑस्ट्रेलिया, १९६६) मध्ये बारा वर्षांच्या मुलाने टोक काढलेली लोखंडी सळई लाकडी खांबाकडे फेकली आणि ती एका मुलीच्या डोळ्याला लागली. तो जबाबदार ठरला नाही. पोरपण हा त्याच्या एकट्याचा कमीपणा नाही, प्रत्येक माणूस त्यातून जातो. म्हणून तुलना त्याच वयाच्या सामान्य मुलाशी. पण मुलाने मोठ्यांचं काम हाती घेतलं की ही सवलत टिकेलच असं नाही: अमेरिकेत मिनेसोटाच्या कोर्टाने १९६१ मध्ये मोटरबोट चालवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचाच निकष लावला.

डॉक्टरला १९५७ च्या बोलम खटल्यातला निकष लागतो: त्या कामातला सामान्य कुशल माणूस काय करेल? शिकाऊ डॉक्टरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे अनेकजण चुकतात. विल्शर खटल्यात (अपील न्यायालय, १९८६) मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या धमनीऐवजी शिरेत नळी गेली, त्यामुळे ऑक्सिजनचं मोजमाप चुकलं. बहुमताने निकष पदाचा धरला, अनुभवाचा नाही. तरी कनिष्ठ डॉक्टर सुटला, कारण त्याने वरिष्ठाला तपासायला सांगितलं होतं. चूक नजरेतून निसटली ती वरिष्ठाच्या, आणि हयगयीचा ठपका त्याच्यावर आला. त्यामुळे अशा प्रकरणात मी आधी केसपेपर मागते आणि वरिष्ठाला कधी बोलावलं याची नोंद शोधते.