कॉल सुरू असताना स्क्रीन काळी होणे : बिघाड सेन्सरचा की बाहेरचा?

प्रश्न : फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते आणि कानापासून काढला तरी परत येत नाही, कॉल कट करता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, बदलला होता. आईच्या फोनचं उलटं आहे, गालाने आपोआप म्यूट होतो. सेन्सर खराब झाला का? मदरबोर्डचं काम असेल का? (गाव राळेगाव तालुक्यात आहे.)

उत्तर :

मदरबोर्डचं काम असण्याची शक्यता कमी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातच मोबाईल दुरुस्ती करतो. फोल्डर बदलल्यावर अशी तक्रार आली की माझा पहिला संशय सेन्सरवर नसून त्याच्या वरच्या काचेवर असतो.

ईअरपीसजवळ एक बारीक इन्फ्रारेड दिवा असतो आणि त्याला लागूनच प्रकाश ओळखणारा भाग. दिव्याचा प्रकाश गालावर आदळून परत आला की फोन समजतो, कान जवळ आहे, स्क्रीन बंद करा. प्रकाश परत आला नाही तर स्क्रीन चालू राहते. तुमच्या घरच्या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात. तुमच्या फोनला समोर काहीच नसताना प्रकाश परत मिळतोय, आणि आईच्या फोनला गाल लागूनही मिळत नाहीये.

आधी सेन्सर काय सांगतो ते बघा. सॅमसंग असेल तर डायलरमध्ये `*#0*#` टाकून सेन्सरचं पान उघडा, रेडमी-शाओमीत `*#*#6484#*#*`. बाकी कंपन्यांत कोड वेगळे असतात, तिथे सेन्सर दाखवणारं एखादं मोफत ॲप चालेल. फोन टेबलावर ठेवून ईअरपीसवर हात न्या, मग दूर करा. बऱ्याच फोनमध्ये फक्त दोनच आकडे दिसतात, जवळ असताना 0 आणि दूर असताना 5, त्यामुळे आकडा हळूहळू बदलत नाही म्हणून घाबरू नका. हात येता-जाता तो दर वेळी बरोबर बदलत असेल तर हार्डवेअर ठीक आहे. मग सेफ मोडमध्ये कॉल करून बघा. तिथे त्रास गेला तर नंतर टाकलेल्या एखाद्या ॲपचा दोष आहे, फोन उघडायची गरजच नाही.

आकडा अडकलेला असेल तर टफन ग्लास काढून पुन्हा तपासा. ग्लासची काळी कड किंवा चिकट गोंद सेन्सरवर आला की असं होतं. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत खिशात राहिलेल्या फोनच्या ग्लासखाली रुई आणि घामाची चिकटण जमलेली मी बरेचदा काढतो. आईच्या फोनसाठी आधी एवढंच करा.

तुमच्या फोनसारखीच एक केस सांगतो. एक काकाजी आले, "फोन कानाले लावला का स्क्रीन काळी होते, मंग येतच नाही." फोल्डर दुसरीकडे बदललेला होता. टेस्टमध्ये आकडा कायम 0. टफन काढला, काच पुसली, तरी 0. मग फोल्डर अलगद उचलला आणि काच दूर होताच आकडा 5 झाला. म्हणजे सेन्सर जिवंत होता. दिवा आणि प्रकाश ओळखणारा भाग यांच्यामध्ये येणारं छोटं काळं रबर गायब होतं. जुन्या डिस्प्लेला ते चिकटून राहतं आणि घाईत त्याच्यासोबतच फेकलं जातं. रबर नसलं की दिव्याचा प्रकाश काचेच्या आतल्या बाजूवरूनच परत फिरतो. तसंच रबर बसवलं, काच दाबून पुन्हा टेस्ट केली, आकडा व्यवस्थित बदलू लागला. मगच गोंद लावला.

रबर जागेवर असूनही अडचण राहिली तर फोल्डरची काच बघावी लागते. सेन्सरसमोरच्या जागेवर इन्फ्रारेड आरपार जाऊ देणारी खास शाई असते. हलक्या डुप्लिकेट फोल्डरमध्ये तिथे साधाच काळा रंग असला तर प्रकाश बाहेरच पडत नाही आणि गालाने बटणं दाबली जातात. अशा वेळी दुसरा फोल्डर लावण्याशिवाय इलाज नाही. काच उचलल्यावरही आकडा हलत नसेल तेव्हाच सेन्सर, त्याची स्ट्रिप किंवा बोर्डाकडे जायचं.

काही फोनमध्ये मात्र असा दिवाच नसतो. ईअरपीसमधून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून माईकने अंतर ओळखतात. तिथे रबराचा प्रश्न येत नाही. ईअरपीसची जाळी ब्रशने साफ करा आणि फोनचं अपडेट बघा.

दुरुस्ती होईपर्यंत सेटिंगमधल्या Accessibility मध्ये `Power button ends call` मिळालं तर चालू करा, म्हणजे काळ्या स्क्रीनवरही कॉल कट होईल. फोल्डर ज्यांच्याकडे बदलला त्यांच्याकडेच आधी जा आणि गोंद लावण्यापूर्वी तुमच्यासमोर सेन्सर टेस्ट करून दाखवायला सांगा. रबर राहिलं असेल तर ते काम त्यांचंच आहे, त्यासाठी नव्या सेन्सरचे पैसे देऊ नका.